बाईंना दिलेला शब्द आणि डोंबिवलीचा भाऊ

*स.न.वि.वि. आमचं घर मांद्र्याला. मागच्या बाजूच्या दोन खोल्या शाळेतल्या एका बाईंना द्यायचं मी जुलैत कबूल केलं. 1 ऑक्टोबरपासून वर्षभर, महिना 8 हजार. लिहून काही घेतलं नाही, ॲडव्हान्सही नाही, नुसतं ‘खोल्या तुमच्याच समजा’ म्हटलं. बाईंनी त्यांच्या आताच्या घरमालकाला खोली सोडते म्हणून कळवलंय. चवथ झाल्यावर माझ्याकडे एक एजंट आला. सीझनचे सहा महिने पाहुणे आणतो म्हणतो, महिना 22 हजार. कौलं बदलायला कर्ज काढलंय, हे पैसे सोडवत नाहीत. डोंबिवलीचा भाऊ बिऱ्हाड घेऊन येतोय असं बाईंना सांगावं असं मनात आहे. भाऊ काही येत नाही. भाची कॉलेजात तत्त्वज्ञान शिकते. ती म्हणाली, ‘मामा, सगळ्यांनी असंच केलं तर? कांटच्या कसोटीला हे उतरत नाही.’ मी म्हटलं, आमच्या वाड्यावर सगळे असंच करतात, कुठे काय बुडालं? शिवाय खरं सांगितलं तर बाईंना जास्तच वाईट वाटेल. ही कसोटी खरंच काही सांगते, की नुसतं पुस्तकातलं?*

*— मांद्र्याचा एक घरमालक*

नमस्कार.

भाचीला तुम्ही दिलेलं उत्तर चोख आहे. ‘सगळ्यांनी असंच केलं तर?’ हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक आईने पोराला विचारलेला असतो, आणि प्रत्येक पोराने मनातल्या मनात तुमच्यासारखंच उत्तर दिलेलं असतं: सगळे कुठे करतायत, मी एकटाच तर करतोय. किंवा तुम्ही म्हणता तसं, सगळे करतातच, तरी जग चाललंय. परिणामांवर वाद घालायचा म्हटला तर तुम्ही भाचीला हरवाल. तुमच्या एका थापेने पेडणे तालुक्यातला भाड्याचा व्यवहार बंद पडणार नाही. बाई कुठेतरी दुसरी खोली शोधतील. तुमची कौलं बदलून होतील.

पण कांटचा प्रश्न हा नव्हता. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटने 1785 साली नीतीच्या पायाभरणीवर एक लहानसं पुस्तक लिहिलं, त्यात ही कसोटी आहे. तिचा आशय असा: ज्या सूत्रावर तू वागतोस, तेच सूत्र सगळ्यांसाठी नियम व्हावं अशी इच्छा तुला त्याच वेळी करता येत असेल, तरच त्या सूत्रावर वाग. यातले ‘त्याच वेळी’ हे दोन शब्द मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. तुमच्या वागण्याने जग बिघडेल की नाही, हे तो विचारत नाही. तो विचारतो की, तुमचा बेत आणि तोच बेत सगळ्यांचा नियम झालेलं जग, या दोन्ही गोष्टी तुम्हाला एकाच वेळी हव्याशा वाटू शकतात का? वाटू शकत नसतील, तर तुम्ही सगळ्यांसाठी एक नियम धरलाय आणि स्वतःपुरती सूट घेतलीय.

तेव्हा पहिलं काम सूत्र लिहायचं. कसोटी चुकते ती बहुतेक वेळा इथेच. सूत्रात तीन गोष्टी लागतात: कोणत्या परिस्थितीत, काय करणार, कशासाठी. तुमच्या जागी एखादा हुशार माणूस असं लिहील: ‘मांद्र्याच्या ज्या घरमालकाने कौलांसाठी कर्ज काढलंय आणि ज्याचा भाऊ डोंबिवलीला आहे, त्याने शाळेतल्या बाईंना तो भाऊ येतोय म्हणून सांगावं.’ हे सूत्र सगळ्यांनी पाळलं तरी काही होत नाही, कारण त्यात बसणारे ‘सगळे’ म्हणजे तुम्ही एकटे. कसोटीला चकवायची ही जुनी युक्ती आहे आणि कांटचे टीकाकार ती नेहमी पुढे करतात.

ती पकडायची कशी? सूत्रातला एकेक तपशील काढून बघा. तो नसता तरी तुम्ही हेच केलं असतं का? बाई शाळेत नसून बँकेत असत्या तर? तरी केलं असतं. भाऊ डोंबिवलीऐवजी पुण्यात असता तर? तरी केलं असतं. मग हे दोन्ही तपशील तुमच्या कारणात नाहीत, नुसते पत्रात आहेत. सूत्रातून ते जाऊ देत. आता एजंटाने 22 हजारांऐवजी साडेआठ हजार देऊ केले असते तर? मला वाटतं, तुम्ही त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं असतं. म्हणजे ‘पुरेसा फायदा’ हा भाग खरा आहे, तो सूत्रात राहील. कर्ज नसतं तर? ते मला सांगता येणार नाही, तुमचं तुम्हीच स्वतःला विचारा. पण हिशेब साधा आहे. ऑक्टोबर ते मार्च बाईंकडून 48 हजार आले असते, एजंटाकडून 1 लाख 32 हजार येतील. वरचे 84 हजार कर्ज नसलं तरी कुणालाही हवेच असतात.

आणि ‘बाईंना वाईट वाटेल’ हे कारण? त्यालाही हाच प्रश्न लावा. खरं ऐकून बाईंना मुळीच वाईट वाटणार नाही हे तुम्हाला आधीच कळलं असतं, तर तुम्ही भावाचं नाव पुढे केलं नसतं का? मला वाटतं, केलंच असतं. कारण खरं सांगितलं तर बाई शाळेत बोलतील, शाळेतून वाड्यावर येईल, आणि पुढच्या वर्षी तुम्ही कुणाला ‘खोल्या तुमच्याच समजा’ म्हणालात तर समोरचा नुसता हसेल. भाऊ यायला हवाय तो यासाठी. बाईंची काळजी सूत्रात बसत नाही, तुमच्या नावाची काळजी बसते.

सगळं गाळून उरतं ते असं: ‘शब्द दिल्यावर तो मोडण्यात पुरेसा फायदा दिसला, की मी घरचं खोटं कारण सांगून तो मोडतो, म्हणजे पैसेही मिळतात आणि माझा शब्द पुढेही चालतो.’ वाचायला बरं वाटत नाही, हे मला कळतं. पण बरं वाटत नाही हा अजून पुरावा नाही. कसोटी आता सुरू होते.

यात दोन गोष्टी गुंतल्या आहेत, खोटं बोलणं आणि शब्द मोडणं. त्या वेगळ्या करून बघायला हव्यात, कारण दोन्हींवर कसोटी सारखी चालत नाही.

आधी खोटं. कल्पना करा की तुमचं सूत्र निसर्गनियम झालं. झाडावरून नारळ पडावा तितक्या सहज, चांगलं गिऱ्हाईक आलं की प्रत्येक घरमालक म्हणतो, ‘भाऊ येतोय हो.’ सगळ्यांना हे ठाऊक आहे, कारण नियम सगळ्यांचाच आहे. त्या जगात तुम्ही बाईंसमोर बसून हे वाक्य बोललात. बाई काय समजतील? ‘बरं, जास्त भाड्याचं गिऱ्हाईक मिळालं वाटतं.’ एवढंच. वाक्य तेच, पण त्याने जे काम करायला हवं होतं ते होत नाही. तुम्हाला त्यांच्या मनात एक समजूत रुजवायची होती, आणि त्या जगात तुमच्या वाक्याने ती कुणाच्याच मनात रुजत नाही. तुमचा बेत चालायला घरची अडचण सांगणाऱ्या माणसावर लोकांचा विश्वास असावा लागतो, आणि तुमचंच सूत्र सगळ्यांचं झालं की तो विश्वास उरत नाही. बेत आणि नियम एकत्र नांदत नाहीत. विसंगती म्हणतात ती ही.

कांटचं स्वतःचं उदाहरण तुमच्या बरंच जवळचं आहे. एका माणसाला पैशांची नड आहे. उसने घ्यायचे तर अमुक मुदतीत फेडतो असं वचन द्यावं लागणार, आणि आपल्याच्याने ते फिटणार नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक आहे. कांट म्हणतो, नड भासली की वाटेल ते वचन द्यावं हा सगळ्यांचा नियम झाला, तर वचन देणंच अशक्य होईल. कुणी विश्वास ठेवणार नाही, असलं काही ऐकून लोक हसतील. आपल्याकडे ‘चवथीपर्यंत देतो’ म्हणून उसने नेणारे असतात, त्यांतला एखादा असा मनाशी ठरवूनच आलेला असतो. तो माणूस कांटच्या पानावर 1785 पासून बसलाय.

इथे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने 1861 साली एक बोट ठेवलं होतं आणि ते आजही ठेवलं जातं. तो म्हणाला, कांटला तर्कातली विसंगती दाखवता आलेली नाही. सगळे तसे वागले तर परिणाम असे होतील की कुणालाच ते नको असतील, एवढंच त्याने दाखवलंय. म्हणजे शेवटी परिणामच की! मला हा आक्षेप पटत नाही, आणि का ते तुमच्याच उदाहरणावरून सांगतो. वाईट परिणाम हाच मुद्दा असता, तर ‘मी एकटा काय करणार’ हे उत्तर चाललं असतं, कारण एकट्याने खरंच फारसं काही होत नाही. पण कसोटीतलं ते जग हे भाकीत नाही. ते उद्या येणार नाही, कधीच येणार नाही, हे कांटलाही ठाऊक होतं. त्या जगाची कल्पना करायची ती फक्त एक गोष्ट उघडी पडावी म्हणून: तुमचा बेत कशावर उभा आहे? तो उभा आहे इतरांच्या खरेपणावर. बाई तुमच्यावर विश्वास ठेवतील, कारण ‘घरचं माणूस येतंय’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांकडे खरंच कुणी येत असतं. त्यांच्या खरेपणाचा लाभ तुम्ही घेणार, आणि तो टिकवण्यातला तुमचा वाटा मात्र उचलणार नाही. एकाने केलं किंवा हजारांनी, यात फरक पडत नाही.

आता तुमचा वाड्याचा दाखला. ‘सगळे करतात, कुठे काय बुडालं?’ सगळे करत असते, तर तुम्हाला भावाचं नाव घेण्याची गरजच पडली नसती, कारण त्याचा काही उपयोगच झाला नसता. उपयोग होईल असं तुम्हाला वाटतंय, यावरूनच सगळे करत नाहीत हे ठरतं. आणि जिथे खरंच बरेच जण करतात तिथे काय होतं, तेही बघा. एकदा चटका बसलेला भाडेकरू तोंडच्या शब्दावर थांबत नाही. तो अकरा महिन्यांचा करार मागतो, ॲडव्हान्सची पावती मागतो. बाईंनी यातलं काही मागितलं नाही. त्यांनी तुमचा शब्द घेतला आणि आपली खोली सोडायचं कळवून टाकलं. तुमचा बेत चालणार आहे तो त्या ‘सगळ्यां’मधल्या नाहीत म्हणून. कांटने हे नेमकं टिपलंय. तो म्हणतो, कर्तव्य मोडताना आपण आपलं सूत्र सगळ्यांचा नियम व्हावं अशी इच्छा कधीच करत नसतो. उलटा नियमच जगात चालू राहावा असं आपल्याला वाटतं, फक्त आपल्यासाठी, आणि तेही फक्त या खेपेला, सूट हवी असते. ‘या खेपेला’ हे तुमच्या पत्रात लिहिलेलं नाही, पण ओळींमधून मला ते ऐकू येतं.

आता समजा, खोटं बाजूला ठेवलं. तुम्ही बाईंकडे गेलात आणि सरळ म्हणालात, ‘जास्त पैसे मिळतायत, खोल्या देत नाही.’ यात थाप नाही. मग सूत्र असं होतं: ‘शब्द दिल्यावर पुरेसा फायदा दिसला, की मी उघडपणे तो मोडतो.’ हे सूत्र कसोटीला उतरतं का?

इथे मला जरा थांबावं लागतं, कारण हा भाग तितका सोपा नाही आणि जाणकारही इथे भांडतात. थापेच्या बाबतीत तुमचा हेतू बाईंच्या विश्वासावाचून पुराच होत नाही. उघड मोडण्यात मात्र आज त्यांच्या विश्वासाची तुम्हाला गरजच नाही. पैसे एजंट देणार, बाई काय समजतात त्याने 22 हजारांचे 21 होत नाहीत. सगळे जण असे उघडपणे शब्द मोडणारे झाले, तरी आजचा तुमचा बेत अडत नाही. मग विसंगती कुठे आहे?

अमेरिकन तत्त्वज्ञ ख्रिस्तीन कोर्सगार्ड यांनी 1985 साली कांटच्या विसंगतीचा अर्थ लावला, त्याने इथे मदत होते. त्यांच्या मते विसंगती ही व्यवहारातली असते: सूत्र सार्वत्रिक झालं की ज्या साधनाने तुम्ही हेतू साधणार, ते साधनच निकामी होतं. हा अर्थ धरला तर, मला वाटतं, नुसता सप्टेंबरमधला तुकडा बघून चालणार नाही. तुमचा बेत जुलैत सुरू झालाय. ऐन पावसाळ्यात, खोल्यांना गिऱ्हाईक नसताना, तुम्ही ‘तुमच्याच समजा’ का म्हणालात? बाई दुसरीकडे बघणार नाहीत, ऑक्टोबरपासून भाडं सुरू होईल, ही निश्चिंती तुम्हाला हवी होती. ती तुम्हाला मिळाली, कारण तुमच्या शब्दाला दोन्हीकडून वजन होतं. आता उघड मोडण्याचं सूत्र सार्वत्रिक करा. त्या जगात ‘खोल्या तुमच्याच’ याचा अर्थ होतो ‘याहून चांगलं कुणी आलं नाही तर तुमच्या’. ते ऐकून बाई खोली सोडायचं कळवत नाहीत. त्या आणखी चार घरं बघत राहतात आणि 30 सप्टेंबरला तुमचा फोनही उचलत नाहीत. म्हणजे जुलैत तुम्हाला जे हवं होतं ते मिळत नाही. विसंगती आहे, पण ती शब्द मोडण्याच्या क्षणात सापडत नाही. शब्द देऊन त्याचं बांधलेपण वापरायचं आणि मग आपण मात्र बांधलेलं राहायचं नाही, या अख्ख्या धोरणात ती आहे.

यावर कुणी म्हणेल, जुलैत तर मी प्रामाणिकपणे शब्द दिला होता, एजंट नंतर आला. खरं आहे. म्हणूनच उसने पैसे बुडवायचं ठरवून येणाऱ्याच्या पंगतीला मी तुम्हाला बसवत नाही. त्याने खोटं वचन दिलं, तुम्ही खरं वचन खोटं करायच्या विचारात आहात. पण चांगलं गिऱ्हाईक येऊ शकतं हे किनाऱ्यावरच्या घरमालकाला जुलैत ठाऊक नसतं असं थोडंच आहे? शब्द द्यायचा तो अशाच दिवसासाठी असतो. मोह पडणारच नसेल तर शब्दाची गरजच काय?

परिस्थिती बदलली म्हणून मोडलेला प्रत्येक शब्द कसोटीत नापास होतो, असा मात्र अर्थ काढू नका. समजा, पावसात मागचं छप्परच कोसळलं असतं. ‘दिलेली गोष्ट देणंच अशक्य झालं, तर मी ताबडतोब खरं सांगतो आणि झालेलं नुकसान जमेल तेवढं भरून देतो’ हे सूत्र सगळ्यांनी पाळलं तर शब्दाचं काही बिघडत नाही. शब्द घेणारा हे गृहीत धरूनच घेतो. त्याहून उपयोगी सूत्र आणखी एक आहे: ‘शब्द जड जाऊ लागला, तर मी ज्याला दिला त्याच्याकडे जाऊन खरं कारण सांगतो, मोकळं करायची विनंती करतो आणि तो नाही म्हणाला तर पाळतो.’ हे सार्वत्रिक झालं तर शब्द उलट जास्त भरवशाचा होतो. शब्दाची गाठ सोडायचा हक्क ज्याला शब्द दिला त्याच्याकडे असतो, देणाऱ्याकडे नसतो. तुमच्या पत्रात बाईंना विचारण्याचा पर्यायच नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

कसोटीची एक खोट सांगायलाच हवी, नाहीतर भाची उद्या तुम्हाला बाजारालाही जाऊ देणार नाही. समजा तुमचं सूत्र आहे, ‘म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला मी सकाळी सातला जातो, म्हणजे गर्दी लागत नाही.’ सगळेच सातला गेले तर सातलाच गर्दी होईल आणि तुमचा हेतू फसेल. व्यवहारातली विसंगती जशीच्या तशी. म्हणजे सातला बाजाराला जाणं अनीती झाली का? अर्थातच नाही. तपशील गाळायची मघाची रीत इथेही लावा. सात वाजण्याशी तुम्हाला काही देणंघेणं नाही. गर्दी नऊला नसती तर तुम्ही नऊला गेला असता. खरं सूत्र आहे, ‘गर्दी कमी असेल अशी वेळ मी बघतो’. ते सगळ्यांनी पाळलं तर माणसं दिवसभरात पांगतील आणि सगळ्यांचंच भलं होईल. सूत्र प्रामाणिकपणे लिहिलं की निरुपद्रवी गोष्ट सुटते. तुमचं भावाचं सूत्र मात्र जितकं प्रामाणिकपणे लिहावं तितकं जास्त अडकत जातं. मला हा फरक कामाचा वाटतो: नापास झालेलं सूत्र आधी परत लिहून बघावं, निकाल मग द्यावा.

आता वाचकांपैकी कुणीतरी मला नक्की लिहील की हाच कांट खुन्याशीही खोटं बोलू नका म्हणाला होता. म्हणाला होता. बेंजामें कॉन्स्तां या फ्रेंच लेखकाने त्याला डिवचलं होतं. त्यावर 1797 साली त्याने उत्तर दिलं की मित्राच्या जिवावर उठलेला माणूस दारात येऊन मित्र घरात आहे का विचारू लागला, आणि उत्तर टाळता येत नसेल, तरी खोटं बोलायचा हक्क नाही. मला हे मान्य नाही, आणि गोव्यात ते फार कुणाला मान्य होईल असं वाटत नाही. 1961 पूर्वी सत्याग्रही माळ्यावर लपलाय आणि दारात पोर्तुगीज पोलीस उभे आहेत, अशा वेळी ‘आत आहे’ म्हणणाऱ्या घराला कुणी सत्यवादी म्हटलं नसतं. कोर्सगार्ड यांनीच पुढे दाखवलं की खुनी आपला इरादा लपवून विचारत असेल, तर त्याला खोटं सांगण्याचं सूत्र सार्वत्रिक होऊ शकतं, कारण आपला बेत तुम्हाला कळलाय हे त्याला ठाऊकच नसतं. तो फसतोच. दारातला पोलीस मात्र इरादा लपवत नाही, तेव्हा ही पळवाट त्याला नीट लागू पडत नाही आणि दुसरा आधार शोधावा लागतो. माझ्या मते ही कसोटीची खरी मर्यादा आहे: समोरचा माणूस आपल्या खरेपणाचंच हत्यार करू पाहतो, तेव्हा ती एकटी पुरत नाही. पण बाई तुमच्या दारात सुरा घेऊन आलेल्या नाहीत, ही मर्यादा तुमच्या उपयोगाची नाही.

तुम्हाला मोह पडेल असा आणखी एक रस्ता आहे, तो आधीच सांगून ठेवतो. भावाचं नाव न घेता ‘खोल्या घरच्याच कामाला लागतायत’ असं काहीतरी म्हणायचं. कर्ज घरचंच आहे, तेव्हा शब्दशः खोटं नाही! यात कांटचे हातही फार स्वच्छ नाहीत. 1794 साली प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिश विल्हेल्म त्याच्या धर्मावरच्या लिखाणावर चिडला. तेव्हा कांटने ‘महाराजांचा सर्वांत निष्ठावंत प्रजाजन म्हणून’ या विषयावर बोलणार नाही असं लिहून दिलं. 1797 साली राजा वारला आणि पुढच्याच वर्षी कांटने धर्मावर पुन्हा लिहून छापलं. वर हेही सांगून टाकलं की ते शब्द मुद्दाम निवडले होते, म्हणजे बंधन त्या राजाच्या हयातीपुरतंच राहील. कांटचे चाहते याला चातुर्य म्हणतात. मला ते त्याच्याच कसोटीवर डळमळीत वाटतं. ‘समोरचा जे समजेल ते मला अभिप्रेत नसावं, असे शब्द मी वचनात निवडतो’ हे सगळ्यांचं सूत्र झालं, तर प्रत्येक वचन वकिलाकडून तपासून घ्यावं लागेल. अर्थात, कांटसमोर सेन्सॉर करणारा राजा होता. तुमच्यासमोर एक शिक्षिका आहे.

बाईंना सगळंच सांगितलं पाहिजे, असंही नाही. कर्ज किती, एजंट कोण, हे तुमच्याजवळ राहू द्या. न सांगणं आणि खोटं सांगणं यांत कांटही फरक करतो. पण जे बोलाल ते असं असू दे की बाईंना त्यातून जे समजेल तेच खरं असेल.

मी तुमच्या जागी असतो तर या रविवारी बाईंकडे गेलो असतो आणि म्हटलं असतं: ‘बाई, खोल्या तुमच्या आहेत, मी शब्द दिलाय. पण सीझनला जास्त भाडं मिळतंय आणि मला पैशांची गरज आहे. तुम्हाला ऑक्टोबरऐवजी एप्रिलपासून यायला जमेल का? मधल्या सहा महिन्यांत दुसरीकडे जे जास्तीचं भाडं द्यावं लागेल, ते मी भरतो.’ 84 हजारांतून महिना तीन-चार हजारांचा फरक सहा महिने भरला तरी तुमच्या हातात निदान 60 हजार राहतात. पण हे विचारताना आवाजात दडपण नको. ‘नाही’ म्हणायची त्यांना खरोखर मुभा हवी, नाहीतर तीही विनंतीच्या रूपातली थापच. त्या नाही म्हणाल्या, तर 1 ऑक्टोबरला किल्ली त्यांना द्यायची आणि कौलांचं कर्ज हप्त्याहप्त्याने फेडायचं.

एक गोष्ट पत्रात स्पष्ट नाही. एजंटाला तुम्ही ‘हो’ म्हणून बसला आहात का? नसाल तर बाईंशी बोलणं होईपर्यंत त्याला नुसतं ‘विचारून कळवतो’ म्हणा. म्हणून बसला असाल, तर एकाच खोल्यांवर दोन शब्द झालेत. बाईंचा आधीचा आहे आणि त्याच्या भरवशावर त्यांनी घर सोडायचं कळवलंय, तेव्हा माफी मागायची वेळ आलीच तर ती एजंटाची मागावी लागेल. त्यालाही खरं कारणच सांगा.